भेट झाली, म्हणजे नेमकं काय झालं?



सकाळपासून दोनच तक्रारी ऐकतोय. सोलरवाले, बोअरवाले, फिल्टरवाले म्हणतात, "पैसे मोजले, नावं आली, काम आलं नाही." भेटी ठरवून देणारी मुलं म्हणतात, "आम्ही गिऱ्हाईक दाखवलं, तुम्हाला काम घेता आलं नाही." दोघंही खरं बोलतात. पैसे कशाचे द्यायचे हेच आधी ठरलं नव्हतं, म्हणून भांडण.

छतावरच्या सोलरचंच घेऊ. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि आपल्याकडं चौकशी वाढली. समजा, उमरखेडच्या एका सोलरवाल्यानं ढाणकीच्या एका मुलाला काम दिलं. मुलानं चाळीस चौकश्या गोळा केल्या. त्यातल्या बारा घरांनी वेळ दिली, आठ ठिकाणी भेट झाली आणि दोन कामं पक्की झाली.

आता नावामागं पन्नास रुपये ठरले असते, तर मुलाला दोन हजार मिळाले असते आणि पुढच्या महिन्यात त्यानं ऐंशी नावं आणली असती. चाळीस घरांत विचारण्यापेक्षा ऐंशी नंबर उतरवणं सोपं. तीच यादी तिघांना विकली, तरी कळायला मार्ग नाही. पक्क्या कामामागं तीन हजार ठरले, तर सहा हजार होतात, पण सोलरवाल्यानं भाव चढा लावला किंवा तो उशिरा पोचला, तर मुलगा उपाशी. शिवाय काम झालं की नाही हे त्याला कोण सांगणार? म्हणून माझं मत, झालेल्या भेटीचे पैसे द्या. पाचशे रुपये धरले तर आठ भेटींचे चार हजार. म्हणजे कामामागं दोन हजार पडले. एका कामात सुटणारा नफा यापेक्षा बराच जास्त असेल, तरच हा व्यवहार करावा. फोन आणि पेट्रोलसाठी थोडी उचल वेगळी द्यावी आणि ती पुढं वळती करावी.

पण 'झालेली भेट' कशाला म्हणायचं, ते कागदावर हवं. घर स्वतःचं, वर स्लॅब, वीजबिल घरातल्याच माणसाच्या नावावर, खर्चाचा निर्णय घेणारा माणूस समोर हजर आणि ठरल्या दिवशी निदान पंधरा मिनिटं बोलणं. यातलं काही चुकलं, तर सोलरवाल्यानं दोन दिवसांत कारणासह कळवायचं आणि मुलानं दुसरी भेट द्यायची. दोन दिवसांनंतर कुरकुर चालणार नाही.

भेट ठरवणाऱ्या मुलाच्या वहीत नाव, फोन, घराची खूण, बिलाचा आकडा आणि वेळ तर हवीच. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा रकाना: गिऱ्हाईकाला फोनवर काय सांगितलं. तीन किलोवॅट आणि त्यावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार. ते सोलर बसून तपासणी झाल्यावर गिऱ्हाईकाच्या खात्यात जमा होतं. आधी रकमेची किंवा कर्जाची सोय त्याची त्यालाच करावी लागते. "सरकार देतंय, तुमचा एक रुपया लागत नाही," असं सांगणाऱ्याची वही भेटींनी भरते. मग सोलरवाला दारात उभा राहतो आणि घरधनी विचारतो, "मग हे कोटेशन कशाचं?" ती भेट पाचशेच्याही लायकीची नाही, उलट गावात नाव जातं.

भेटी होतात पण कामं होत नाहीत, अशी वेळ आली की नकाराची कारणं वाचा. 'बिल मयत वडिलांच्या नावावर', 'वर पत्रे', 'मालक पुण्याला' अशी कारणं असतील, तर दोष भेट ठरवणाऱ्याचा. 'भाव जास्त', 'दुसऱ्यानं आधी बसवून दिलं' असेल, तर दोष आपला. सगळ्या भेटी महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत भरलेल्या दिसल्या, तर त्यातल्या दोन घरी स्वतः फोन लावून बघा.

नंबर कुठून आणले हेही विचारा. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार साध्या दहा आकडी मोबाइलवरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन करता येत नाहीत. १९०९ वर तक्रार गेली, तर नंबर बंद होऊ शकतो. ज्यानं आपल्या फलकावरच्या नंबरावर स्वतःहून फोन केला, त्यालाच उलट फोन करावा. अशा चौकश्या कमी येतात, पण भेटी त्यातूनच होतात.

नुसत्या चौकशीचे पैसे घेऊन भागत नाही, हे मोठ्यांनाही शिकावं लागलं. २०१४ साली सुरू झालेली अर्बनक्लॅप, आजची अर्बन कंपनी, आधी कारागिरांना गिऱ्हाइकांची चौकशी पुरवायची. पुढं तिनं तो मार्ग सोडला आणि झालेल्या कामातला वाटा घ्यायला सुरुवात केली. त्यांना ते जमलं, कारण भाव, कारागिराचं प्रशिक्षण आणि पैशांची वसुली सगळं त्यांच्याच हातात आहे. ढाणकीतल्या मुलाच्या हातात यातलं काहीच नाही, म्हणून त्याची जबाबदारी दारापर्यंतच धरावी.

जेवणानंतर कराराचा मसुदा वाचला जाईल. 'बिल घरातल्याच माणसाच्या नावावर' या कलमात सासऱ्याच्या नावावरचं बिल बसतं की नाही, यावर वाद होणार हे मला दिसतंय. तो आजच घालून घ्या.