भातातला सोमल

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई आल्या. कडेवर आठ महिन्यांचे मूल होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मोबाइलवर आलंय की भातात सोमल असतो. मी बाळाला रोज तांदळाची पेज देते. बंद करू का?"

प्रश्न साधा नाही. तेव्हा आज आपण याच गोष्टीचा नीट विचार करू. घाबरायचे नाही आणि हसण्यावारीही न्यायचे नाही.

सोमल म्हणजे काय? पूर्वी उंदीर मारायला पांढरी पूड वापरीत, तो सोमल. तो ज्या मूळ द्रव्यापासून होतो त्याला शास्त्रात आर्सेनिक म्हणतात. हे द्रव्य जमिनीत आणि खडकात असतेच. कुठे कमी, कुठे जास्त. त्याचे दोन प्रकार आहेत. एक जीवजंतूंच्या क्रियेने बदललेला, तो सेंद्रिय. दुसरा खडकातून, पाण्यातून आलेला, तो असेंद्रिय. असेंद्रिय प्रकार फार वाईट. आपण बोलणार आहोत तो याच्याबद्दल, आणि सोयीसाठी त्याला सोमलच म्हणू.

याची खरी गोष्ट बंगालची आहे. गंगेच्या मुखाकडचा तो सपाट गाळाचा प्रदेश. तळ्यांचे पाणी पिऊन तिथे पटकी, हगवण होई. म्हणून गावोगाव बोअर घेतले आणि हातपंप बसवले. पाणी स्वच्छ, नितळ. पण 1983 साली कोलकात्याचे त्वचारोगाचे डॉक्टर के. सी. साहा यांच्याकडे काही खेडूत आले. त्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके होते. धुळीच्या रस्त्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे. तळहात आणि तळपाय खरबरीत, गाठी आलेले. शोध केला तेव्हा कळले की बोअरच्या पाण्यात सोमल आहे. पुढे 1993 साली बांगलादेशातही तेच सापडले.

या पाण्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. एका दिवसात कोणी मरत नाही. पाच-दहा वर्षे पोटात गेल्यावर कातडीवर दिसू लागते. पुढे कातडीचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण बंगालमध्ये लोकांना वाटे की हा महारोग आहे. सुनांना माहेरी धाडले, मुलींची लग्ने अडली. अज्ञानाचा त्रास रोगाइतकाच झाला.

बरे, हे झाले पाण्याचे. भाताचा संबंध कुठे आला?

बंगालमध्ये हिवाळ्यात एक भात लावतात. त्याला 'बोरो' म्हणतात. तेव्हा पाऊस नसतो. सगळे पाणी बोअरचे. एका हंगामात सारे पाणी मोजले तर शेतात सुमारे एक मीटर उंच उभे राहील इतके होते. आता फळ्यावर हिशेब करू. एक एकर जमिनीला एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 40 लाख लिटर. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रोग्रॅम म्हणतात. बोअरच्या एक लिटर पाण्यात 100 मायक्रोग्रॅम सोमल धरू. तर 40 लाख लिटरमध्ये तो 400 ग्रॅम झाला. एका एकरात, एकाच हंगामात, दीड पावाहून जास्त. पुराच्या पाण्याने त्यातला काही वाहून जातो. पण बराचसा वरच्या मातीत राहतो, आणि दर साली नवी भर पडते.

तुम्ही म्हणाल, त्याच मातीत गहू लावला तर? चांगला प्रश्न आहे. साधारणपणे गव्हाच्या दाण्यात भाताच्या मानाने सोमल फार कमी येतो. असे का? याची कारणे दोन.

पहिले कारण, खाचरातले उभे पाणी. मातीच्या कणांवर लोखंडाचा गंज असतो. म्हणून तर माती तांबूस दिसते. हा गंज सोमलाला धरून ठेवतो. जमीन मोकळी असली, तिच्यात हवा खेळती असली, की पकड घट्ट राहते. खाचरात पाणी तुंबले की थोड्याच दिवसांत मातीतली हवा संपते. हवा संपली की गंज विरघळतो आणि सोमल सुटा होऊन पाण्यात येतो. गहू, ज्वारी, नाचणी यांच्या रानात पाणी तुंबत नाही. म्हणून तिथे तो बांधलेलाच राहतो.

दुसरे कारण, भाताच्या मुळाची चूक. भाताचे पाते हाताला कापते, हे लावणी-कापणी करणाऱ्यांना सांगायला नको. त्या पात्यात आणि तुसात वाळूच्या जातीचे द्रव्य असते. भाताला ते फार लागते. त्याने ताटे उभी राहतात, कीड कमी लागते. ते आत घ्यायला भाताच्या मुळाला खास दारे आहेत. चिखलात सुटलेला सोमल या द्रव्यासारखाच दिसतो. मूळ फसते आणि त्याच दाराने सोमलही आत घेते. 2008 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी ही दारे कोणती ते दाखवून दिले. गव्हाला हे द्रव्य इतके लागत नाही, म्हणून त्याची दारेही इतकी उघडी नाहीत.

आत गेलेला सोमल सगळा दाण्यात जात नाही. सर्वांत जास्त मुळात राहतो. मग पेंढ्यात. दाण्यात सर्वांत कमी. पण आपण खातो तो दाणाच, आणि थोडाथोडका खात नाही.

आता दाण्याच्या आत पाहू. तूस काढले की तांदळावर तांबूस कोंडा असतो. सोमल या कोंड्यात जास्त साठतो, आतल्या पांढऱ्या भागात कमी. म्हणून हातसडीच्या तांदळात तो पॉलिशच्या तांदळापेक्षा जास्त असतो. साऱ्या देशांनी मिळून अन्नाचे जे नियम केले आहेत त्यांतही हा फरक दिसतो. पॉलिशच्या तांदळाला किलोमागे 200 मायक्रोग्रॅमची हद्द आहे आणि हातसडीच्या तांदळाला 350 ची. याचा अर्थ हातसडीचा तांदूळ वाईट असा घेऊ नका. त्यात जीवनसत्त्वे जास्त असतात. जिथली माती आणि पाणी निर्मळ, तिथला हातसडीचा तांदूळ खुशाल खावा. जिथले पाणी दूषित, तिथे मात्र कोंड्याचे पदार्थ लहान मुलांना देऊ नयेत.

उकड्या तांदळाची गोष्ट वेगळी. भात तुसासकट उकडताना बाहेरच्या थरातली द्रव्ये आत शिरतात. जीवनसत्त्वे शिरतात तसा सोमलही शिरतो. मग कांडून कोंडा काढला तरी तो आत राहिलेला असतो. आणि उकडायचे पाणीच दूषित असेल तर त्यात भरच पडते.

बासमतीचे काय? भारत आणि पाकिस्तानातल्या पांढऱ्या बासमतीत सोमल इतर पुष्कळ तांदळांच्या मानाने कमी सापडला आहे. उलट अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या तांदळात जास्त. तिथे पूर्वी कापसाची शेती होती आणि किडीसाठी सोमलाची औषधे फवारीत. कापूस गेला, विष मातीत राहिले. यावरून ध्यानात घ्या, तांदळाच्या नावापेक्षा तो कोणत्या मातीत आणि कोणत्या पाण्यावर पिकला हे मोठे. बंगालमध्येही पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या 'आमन' भातात बोरोपेक्षा सोमल कमी असतो. माती तीच, माणसे तीच. फरक पाण्याचा.

आता पोटात किती जातो ते पाहू. बंगालमधला कष्टकरी माणूस दिवसाला 450 ग्रॅम तांदूळ सहज खातो. त्या तांदळात किलोमागे 200 मायक्रोग्रॅम सोमल धरला, तर रोज 90 मायक्रोग्रॅम पोटात गेला. पिण्याच्या पाण्याची हद्द लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हद्दीवरचे नऊ लिटर पाणी प्यायल्यासारखे झाले. एखाद्या घराने चांगल्या पाण्याचा पंप शोधला, तरी ताटातून तो येतच राहतो. लहान मुलाचे वजन थोडे. त्याला तेवढाच भात जास्त बाधतो.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवावा. मग एक वाटी तांदळाला सहा वाट्या पाणी घालून शिजवावे आणि वरचे पाणी वेळून टाकावे. याने निम्म्याच्या आसपास सोमल निघून जातो. आपल्या आज्या भात वेळीतच असत. दुसरी रीत 2020 साली इंग्लंडात तपासली गेली. तांदूळ चार पट उकळत्या पाण्यात पाच मिनिटे शिजवून ते पाणी फेकायचे. मग दोन पट नवे पाणी घालून मंद आचेवर भात मुरवायचा. याने पांढऱ्या तांदळातला सुमारे पाऊण भाग आणि हातसडीच्या तांदळातला निम्मा भाग गेला.

पण दोन गोष्टी विसरू नका. शिजवायचे पाणी निर्मळ हवे. पाण्यातच सोमल असेल तर भात तो शोषून घेतो आणि काम उलटे होते. दुसरी, वेळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. म्हणून जिथे धोका नाही तिथे पाणी टाकण्याचे कारण नाही.

शेतातही उपाय आहे. खाचरात पाणी सतत उभे न ठेवता मधूनमधून आटू द्यावे, जमिनीत हवा शिरू द्यावी, मग पुन्हा भरावे. गंज पुन्हा तयार होतो आणि सोमलाला धरतो. फार सोमल असलेल्या शेतात कधी लोंब्या ताठ उभ्या राहतात, वाकत नाहीत, कारण दाणा भरलेला नसतो. पण पुष्कळदा पीक चांगले दिसते आणि दाण्यात सोमल असतो. डोळ्यांनी निवाडा होत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासावे लागते.

आता आपल्याकडचे काय? आपल्या कोकणात, मावळात भात बहुतेक पावसावर होतो. बंगालसारखा गंगेचा गाळ इथे नाही. तरी शेजारच्या छत्तीसगडात, अंबागड चौकीकडच्या कौडीकसा गावात विहिरी-पंपांच्या पाण्यात सोमल सापडलेला आहे. तिथे तो खडकातूनच आला. तेव्हा गडचिरोली, गोंदियाकडच्या मंडळींनी नवा बोअर घेतला की पाणी तपासून घ्यावे. गंगेकाठच्या राज्यांत मजुरीला जाणाऱ्यांनी कोणत्या पंपाचे पाणी प्यायचे ते आधी विचारावे.

त्या बाईंना आम्ही काय सांगितले? आम्ही विचारले, "तांदूळ कुठला?" त्या म्हणाल्या, "घरचाच. पावसावरचा." आम्ही म्हणालो, "मग पेज बंद करू नका. बाळाला एक दिवस तांदळाची द्या, एक दिवस नाचणीची. नाचणीच्या रानात पाणी तुंबत नाही. मधून मुगाची खिचडी द्या. आणि पाणी बोअरचे असेल तर एकदा तपासून आणा."

त्या म्हणाल्या, "बोअरचंच आहे. गेल्या साली घेतला."

दुसऱ्या दिवशी त्या धुतलेल्या बाटलीत पाणी भरून ग्रामपंचायतीत गेल्या. बाटलीवर घराचे नाव आणि तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.