फोटोतलं उणे चिन्ह

समजा, बडोद्याच्या एका जत्रेत दहा रुपयांचा खेळ आहे. गणिताच्या मैत्रिणीनं त्याचा तक्ता वहीत मांडून फोटो पाठवला. उणे दहाची संभाव्यता ०.७, अधिक दहाची ०.२, अधिक चाळीसची ०.१.

आधी संभाव्यतांची बेरीज पाहा, ती १ यायलाच हवी. एखादा आकडा पुसट असेल तर तो यावरूनच काढता येतो. मग प्रत्येक रक्कम तिच्या संभाव्यतेनं गुणा: उणे ७, अधिक २, अधिक ४. अपेक्षित मूल्य उणे १, म्हणजे दर डावाला सरासरी एक रुपया तोटा.

आता रकमांचे वर्ग संभाव्यतांनी गुणा: ७०, २० आणि १६०, बेरीज २५०. त्यातून सरासरीचा वर्ग, १, वजा केला की प्रचरण २४९. वर्गमूळ सुमारे १५.८ रुपये. एका रुपयाच्या तोट्यापुढे हा चढउतार एवढा मोठा आहे, म्हणून चार-पाच डावांत खेळ तोट्याचा असल्याचं कळतच नाही.

खरी फसगत फोटोत उणे चिन्ह पुसट झालं तर होते. गुणलेल्या वर्गांची बेरीज २५०च राहते, संभाव्यताही १ भरतात. पण सरासरी १३ येते आणि प्रचरण ८१. अशा वेळी रकमांचा रकाना बघावा: सगळ्याच अधिक असतील, तर खेळ चालवणारा प्रत्येक डावात पैसे गमावतोय!