पाण्याची मोफत तपासणी आणि तिच्या पत्रकावरचा मजकूर

खामगावच्या कुठल्याही कॉलनीत दुपारच्या वेळी हे दृश्य दिसू शकतं. खांद्याला बॅग अडकवलेला तरुण दाराशी येतो. "ताई, पाण्याची मोफत तपासणी आहे, फक्त पाच मिनिटं," म्हणतो. ओट्यावर काचेचे दोन ग्लास मांडतो. एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं फिल्टरचं. मग चार कांड्यांचं एक यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून प्लगचं बटण दाबतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर गाळाची साय येते. दुसरा ग्लास जवळपास स्वच्छ राहतो. "हे तुम्ही रोज पिता," एवढं एकच वाक्य तो बोलतो आणि बॅगेतून फिल्टरचं माहितीपत्रक काढतो.

ग्लासातला तो गाळ खरा असतो, पण तो पाण्यातून आलेला नसतो. यंत्राच्या काही कांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंजासारखा साका तयार होतो. आरओच्या पाण्यातले क्षार जवळपास काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तिथे रंग येत नाही. पडताळा सोपा आहे. विक्रेत्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून तेच यंत्र पुन्हा लावायला सांगावं. तो ग्लासही तपकिरी होतो. थोडक्यात, या प्रयोगातून पाण्यात क्षार आहेत एवढंच कळतं. ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

गिऱ्हाइकाच्या घरात शिरण्यासाठी काहीतरी फुकट देणं ही धंद्यातली जुनी रीत आहे आणि तिच्यात मुळात गैर काही नाही. कुणी तपासणी देतं, कुणी छापील यादी देतं, बदल्यात नाव आणि फोन नंबर घेतं. प्रश्न एवढाच, की दिलेल्या वस्तूचं वर्णन खरं आहे का? खामगाव परिसरात या प्रश्नाला वेगळं वजन येतं, कारण इथे दोन प्रकारचं पाणी शेजारी शेजारी आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कितीतरी विहिरी आणि बोअर खारट आहेत. तिथल्या घराला आरओची खरी गरज असू शकते. ज्या घरी धरणाचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी नळाला येतं, तिथे ती बहुधा नसते. कांड्यांचं यंत्र मात्र दोन्हीकडे एकच निकाल देतं. प्रत्येक घरी "फिल्टर घ्या" असंच सांगणाऱ्या तपासणीला तपासणी म्हणता येत नाही.

मग प्रामाणिक तपासणी कशी असेल? समजा, खामगावातला एक फिल्टर विक्रेता ती सुरू करायचं ठरवतो. त्याच्याजवळ दोन साधनं आहेत. पहिलं टीडीएस मीटर. ते पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतं आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज आकड्यात दाखवतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतं. दुसरं साधन म्हणजे गावोगावच्या जलसुरक्षकांच्या हातात असलेली ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि ते पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर ते संपलेलं आहे किंवा टीसीएल पावडर पडलेलीच नाही.

या दोन साधनांनी जे कळत नाही, ते पत्रकावर लिहिणं हाच प्रामाणिकपणाचा अवघड भाग आहे. मीटरवर ३०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात जंतू असू शकतात. नायट्रेट आणि फ्लोराइडही त्यात लपलेले असू शकतात, कारण मीटर सगळ्या क्षारांची मिळून एकच बेरीज दाखवतं. या गोष्टींसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते आणि ती थंड ठेवून लवकर पोहोचवावी लागते. म्हणून "पाण्याची संपूर्ण मोफत तपासणी" हे शब्द या विक्रेत्याला वापरता येणार नाहीत. त्याच्या पत्रकावरचा मजकूर साधारण असा हवा:

"आम्ही पाण्याचे फिल्टर विकतो. तुमच्या घरी येऊन पाण्यातले एकूण क्षार आणि शिल्लक क्लोरीन मोफत मोजून देतो. वीस मिनिटं लागतात. जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड आम्ही तपासत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. आकडे लिहिलेला कागद तुमच्याजवळ राहील. फिल्टरची गरज नसेल तर तसं लिहून देऊ. काही विकत घेण्याचं बंधन नाही."

आता हाच विक्रेता दोन घरी जातो. शहरातल्या पहिल्या घरी मीटर २८० दाखवतं, पण टाकीनंतरच्या नळाला क्लोरीनचा रंग येत नाही. मुख्य नळाच्या पाण्याला मात्र रंग येतो. म्हणजे दोष गच्चीवरच्या टाकीत आहे. तो कागदावर लिहितो: "आरओची गरज नाही. टाकी धुऊन घ्या, तोवर पाणी उकळून प्या." तिथे त्याची विक्री होत नाही. संग्रामपूरकडच्या शेतातल्या घरी बोअरचं पाणी १९०० दाखवतं. इथे आरओ सुचवणं रास्त आहे. पण तिथेही तो आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागतो आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी वाया घालवतो, हेही सांगतो. पाण्याची टंचाई असलेल्या घराला हा खर्च आधी कळायलाच हवा.

पहिल्या घरी हात हलवत परतण्यात त्याला काय मिळालं? गरज नसलेला फिल्टर गळ्यात मारला असता, तर पुढे पाण्याला चव नाही, पाणी वाया जातं, कार्ट्रिज महाग आहे, या तक्रारींसाठी त्यालाच चकरा माराव्या लागल्या असत्या. शिवाय गरज नाही असं लिहिलेला त्याच्या सहीचा कागद शेजारपाजारी दाखवला जातो. तरीही तोटा आहेच. पेट्रोल आणि वेळ त्याच्या खिशातून जातो. म्हणून आठवड्याला किती घरं झेपतील ते ठरवून तेवढीच नावं घ्यावीत आणि बाकीच्यांना घरी करण्याजोगी छापील यादी द्यावी.

यादीलाही तोच नियम लागू आहे. टाकी शेवटची कधी धुतली, झाकण घट्ट बसतं का, बोअरपासून शौचखड्डा किती दूर आहे, पावसाळ्यात पाणी गढूळ येतं का, प्रयोगशाळेचा अहवाल किती जुना आहे? अशा यादीतली बहुतेक कामं घरच्या घरी होतात. ज्या यादीतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फिल्टरच्या दुकानात नेतं, ती यादी नसून जाहिरात असते. मग तिला जाहिरातच म्हणावं.

कायद्याचंही याकडे लक्ष आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू पोहोचण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला काहीही मोजावं लागणार असेल, तर 'मोफत' म्हणता येत नाही, असं त्यांत आहे. मोफत गोष्ट मिळवण्यासाठी ग्राहकाला काय कबूल करावं लागेल, हेही स्पष्ट सांगावं लागतं. तपासणी फुकट, पण नंतर 'व्हिजिट चार्ज' किंवा आधी सर्व्हिस करारावर सही, हा प्रकार या सूचनांत बसत नाही.

राहिला फोन नंबर. तो कागदावर निकाल लिहिण्यासाठी घेतला असेल, तर रोजच्या ऑफरच्या मेसेजसाठी वापरू नये. विक्रेत्याला पुन्हा बोलायचं असेल, तर निघतानाच विचारावं: "प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर एकदा फोन करू का?" हो म्हटलं तर एकदाच करावा, नाही म्हटलं तर नंबर वहीतून खोडावा.