बैठकीनंतरचा ई-मेल
सोसायटीच्या कमिटीत ठरतं, गच्चीची गळती पावसाआधी थांबवायची. सगळे माना डोलावतात आणि बघता बघता जून उजाडतो. म्हणून सचिवांनी त्याच रात्री सदस्यांना ई-मेल पाठवावा. आधी निर्णय: वॉटरप्रूफिंग करायचं, खर्च दुरुस्ती निधीतून. मग काम: तीन कोटेशनं खजिनदार आणतील, १५ एप्रिलपर्यंत. ‘कमिटी बघेल’ लिहिलं की कोणीच बघत नाही. मदतीला कितीही असोत, जबाबदार माणूस एकच हवा. ‘लवकरात लवकर’ ही तर तारीखच नव्हे! रंगकामाचा विषय अनिर्णित राहिला, तर तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर तोही मंजूर समजला जातो. शेवटी ‘दुरुस्ती असल्यास परवापर्यंत कळवा’. अर्थात हा ई-मेल म्हणजे इतिवृत्त नव्हे. ते पुढच्या बैठकीत रीतसर कायम करावंच लागतं.