ठेव वाढली, पण किंमत?

२०२०-२१ हे वर्ष आठवा. बँकांमध्ये एक वर्षाच्या मुदत ठेवीवर साधारण ५ टक्के व्याज मिळत होतं. समजा, एका आजींनी एक लाख रुपये ठेवले. वर्षाने हाती आले एक लाख पाच हजार. पासबुकात दिसणारा हा झाला नाममात्र परतावा.

पण त्या वर्षी देशातली किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के होती. म्हणजे जो किराणा, जी औषधं आधी लाखात येत, त्यांना आता एक लाख सहा हजार दोनशे लागत. आजींच्या रकमेत जुन्या भावाने जेमतेम ९८,९०० रुपयांचीच खरेदी झाली असती. हा खरा परतावा, आणि तो शून्याच्या खाली!

त्यात प्राप्तिकर लागतो तो पूर्ण व्याजावर. महागाईची वजावट त्यात नाही. वीस टक्के कर भरणाऱ्याची तूट आणखी हजारभर रुपयांनी वाढते. आणि ही तूट पासबुकात कुठेच दिसत नाही.

तेव्हा ठेवीचं नूतनीकरण करताना व्याजदरातून आधी कर वजा करा, मग महागाईचा दर, आणि उरतं किती ते पाहा.