उतारा वाढला, हे कशावरून?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



पेरणीच्या तोंडावर आपल्या गटांकडे कागद येतात. 'आमच्या बीजप्रक्रियेच्या औषधाने सोयाबीनचा उतारा साडेबारा टक्के वाढला.' खाली शेताचा फोटो आणि दोन आकडे. समजा, औषधाचा खर्च एकरी 600 रुपये आहे आणि 40 जणींनी एकेका एकरासाठी घ्यायचं ठरवलं, तर गटाच्या कर्जातून 24,000 रुपये जातात. म्हणून आज तो कागद कसा वाचायचा ते बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, हिशेब मात्र खरा आहे.

कागदावर लिहिलंय, एक एकराचे दोन भाग केले. औषध लावलेल्या अर्ध्या एकरात साडेचार क्विंटल आले, न लावलेल्या अर्ध्यात चार. आता तुम्हीच सांगा, तुमच्या शेतात वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला पीक सारखं येतं का? वर मुरूम असतो, खाली गाळ आणि ओल. औषधाचा भाग ओढ्याकडचा असेल, तर अर्धा क्विंटल ओढ्याने दिला की औषधाने, हे कसं कळणार? त्या कागदावरून ते कळूच शकत नाही. आणि त्याच भागातली चार पोती वेगवेगळी मोजली म्हणून चार प्रयोग होत नाहीत. जमीन एकच, म्हणजे पुरावा एकच.

मग बरोबर प्रयोग कसा असतो? उतार वरून खाली असेल, तर शेताचे चार आडवे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्यात शेजारी-शेजारी दोन वाफे, एक औषधाचा, एक बिनऔषधाचा. कोणता कुठे, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, नाहीतर हात आपोआप चांगल्या जागेकडे जातो. बी, खत, पेरणीची तारीख, खुरपणी सगळं सारखं. हेच चार वेळा केलं, म्हणून अहवालात 'चार पुनरावृत्ती' असं लिहितात. काढणीला कडेच्या ओळी सोडायच्या, कारण त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळते. आतला भाग तेवढा मोजायचा आणि दाणे सारखेच वाळवून वजन करायचं.

समजा, मोजलेला भाग 4 बाय 5 मीटर, म्हणजे 20 चौरस मीटर आहे. पहिल्या पट्ट्यात बिनऔषधाचे 4.1 किलो आणि औषधाचे 4.5 किलो निघाले. दुसऱ्यात 4.6 आणि 4.4. तिसऱ्यात 3.6 आणि 4.3. चौथ्यात 3.9 आणि 4.0. सरासरी काढली तर 4.05 आणि 4.30, म्हणजे वाफ्यामागे पाव किलो जास्त. एकरात असे साधारण 200 वाफे बसतात, म्हणून एकरी 50 किलो. वाचायला छान वाटतं. पण पट्टे एकेक करून बघा: एकात 700 ग्रॅम जास्त, एकात 100 ग्रॅम जास्त, आणि एकात तर औषधाचंच 200 ग्रॅम कमी!

एवढा वरखालीपणा असेल, तर 50 किलो नुसत्या योगायोगानेही येऊ शकतात. चांगल्या अहवालात यासाठी 'क्रांतिक फरक' नावाचा आकडा देतात. दोन सरासऱ्यांमधला फरक त्याहून जास्त असेल तरच तो मानायचा. आपल्या उदाहरणात तो एकरी साधारण 123 किलो येतो. 50 किलो त्याच्या खूप आत आहेत. शिवाय लक्षात ठेवा, छोट्या वाफ्यात 100 ग्रॅमची चूक झाली, तर एकरात ती 20 किलो होते.

मग औषध खोटं आहे का? तसंही म्हणता येत नाही. खरं वाक्य एवढंच: 'या शेतात, या हंगामात, या चार पट्ट्यांवरून फायदा सिद्ध झाला नाही.' फायदा नाही, हेही सिद्ध झालं नाही. जास्त पट्टे, दुसरी गावं, आणखी दोन-तीन हंगाम बघावे लागतील, कारण पावसाने ओढ दिलेल्या वर्षी आणि झड लागलेल्या वर्षी सोयाबीन वेगळंच वागतं. ज्या अहवालात हे स्वतःहून लिहिलेलं असतं, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा.

तेव्हा कागद आला की चार गोष्टी विचारा. न लावलेला वाफा शेजारीच होता का? किती पुनरावृत्ती होत्या? जागा चिठ्ठीने ठरवल्या का? क्रांतिक फरक किती? उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसंघाच्या ठरावात 'खरेदी तूर्त नाही' असं लिहून घ्या. एखाद्या ताईला करूनच बघायचं असेल, तर एका एकरापुरतं औषध घ्या, चार पट्टे पाडा आणि काढणीला वजनकाटा घेऊन मला बोलवा.