चरणपूर शोधायला मेणवलीला



माझं बोलणं सहलीबद्दल आहे. आपल्या बॅचने पुढच्या हिवाळ्यात एकत्र कुठे जायचं, यावर ग्रुपवर इतकी चर्चा झाली की शेवटी मला इथे उभं केलं. माझी सूचना आहे वाईजवळच्या मेणवलीची.

‘स्वदेस’ 2004 च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा मी अमेरिकेत नोकरी करत होते. इकडे नाशकात आईने तो पाहिला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "तो परत आला गं." पुढे मीही परत आले. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, मला ते चरणपूर दाखव.

आता चरणपूर नकाशावर नाही. चित्रपटात ते उत्तर प्रदेशातलं गाव आहे, पण त्याचा घाट आहे कृष्णेवरच्या मेणवलीचा. वाई आणि आसपासच्या परिसराने असे पुष्कळ वेश घेतले आहेत. ‘गंगाजल’मध्ये तो बिहार झाला, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये थेट तामिळनाडू! काळ्या दगडाचे घाट, देवळं, नदी आणि मागे डोंगर एवढं एका जागी मिळतं. पाट्या बदलल्या, माणसांचे कपडे बदलले की प्रांत बदलतो.

पहिल्यांदा मी आईला मे महिन्यात नेलं आणि सगळंच चुकलं. पाणी खाली गेलेलं, ऊन डोक्यावर, घाटाच्या पायऱ्या उंच आणि आईचे गुडघे दुखरे. पडद्यावर शेजारी वाटलेल्या गोष्टी इथे सापडेनात. आई गाडीत बसून म्हणाली, "हे ते नाहीच." मला वाईट वाटलं ते तिच्यापेक्षा माझ्याच आळसाचं. मी नुसतं गावाचं नाव शोधलं होतं, जागा शोधलीच नव्हती.

दुसऱ्या वेळी नीट तयारी केली. चित्रपट थांबवून थांबवून सात-आठ चित्रं फोनमध्ये घेतली. प्रत्येकात जे हलवता येत नाही तेवढंच टिपलं: देवळाचं शिखर, बुरुजाचा कोपरा, डोंगराची रेघ. पार, दुकानं, रंगवलेल्या भिंती यांच्यावर विसंबायचं नाही, कारण त्या शूटिंगपुरत्या उभारलेल्या असू शकतात.

मग जागेवर गेल्यावर एक साधी युक्ती. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू निवडायची, समजा पायरीचा कोपरा आणि मागचं शिखर. चित्रात शिखर कोपऱ्याच्या उजवीकडे असेल आणि आपल्याला ते डावीकडे दिसत असेल, तर आपण उजवीकडे सरकायचं. दोन्ही चित्रातल्यासारखी एका रेषेत आली की कॅमेरा त्याच रेषेवर होता. अशी दुसरी जोडी जुळवली की नेमकी जागा मिळते. सगळं लहान-मोठं दिसलं तरी घाबरू नका. तो लेन्सचा फरक असतो. लांब पल्ल्याची लेन्स थोडाच भाग मोठा करून दाखवते, म्हणून मागचा डोंगर देवळाला चिकटल्यासारखा वाटतो. शिवाय चित्रातली सावली बघून सकाळ की संध्याकाळ हे आधी ठरवायचं.

या वेळी आम्ही दिवाळीनंतर गेलो. पावसाळ्यात नदी चढते आणि पायऱ्या पाण्याखाली जाऊ शकतात, उन्हाळ्याचं तर सांगितलंच. नाशिक ते पुणे साधारण 210 किलोमीटर, पुढे वाई 90. म्हणून वाईत मुक्काम केला आणि सकाळी लवकर तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला पोचलो. आईसाठी वरच्या पायरीवर घडीची खुर्ची ठेवली. मी खाली-वर करत जागा जुळवली, मग तिला हात धरून तिथे उभं केलं आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती हसली. पण दोनच मिनिटं.

मग तिचं लक्ष गेलं घाटावरच्या छोट्या देवळातल्या घंटेकडे. मोठी, पोर्तुगीज घडणीची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा, पुढे नाना फडणवीसांच्या या गावी आली. आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्या नारोशंकराच्या घंटेची बहीण!" खरंच की. पंचवटीतली ती घंटाही वसईच्या विजयाचीच मानतात. आपण गोदावरीच्या पुरात तिच्याकडे नजर लावून मोठे झालो.

उत्तर प्रदेशातल्या चरणपुरात वसईची घंटा कशी असेल? ती दाखवून कॅमेऱ्याला चाललं नसतं. पण मेणवलीला मेणवली करणारी तीच. नानांचा वाडाही तिथेच, घाटाला लागून. आई त्या दिवशी चरणपूर बघायला आली होती आणि तासभर मेणवली बघत बसली.

तेव्हा जायचं असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारीतला शनिवार-रविवार ठरवा. प्रत्येकाने एकच दृश्य निवडून आणा. ते जुळवायला अर्धा तास, आणि चौकटीबाहेर काय राहिलं ते बघायला उरलेला दिवस. बाईंसाठी खुर्ची मी आणते.